लिंकबरोबर जाणारं कार्ड

व्हॉट्सअ‍ॅपवर एखाद्या पानाचा पत्ता चिकटवला की क्षणभर काहीच होत नाही. मग टाइप करायच्या पट्टीच्या वर एक छोटं कार्ड उगवतं. त्यात एक चित्र, एक ठळक मथळा, एकदोन ओळींचा मजकूर आणि संकेतस्थळाचं नाव असतं. पाठवणाऱ्याने यातलं एक अक्षरही लिहिलेलं नसतं. कधी हे कार्ड नेटकं येतं, कधी चित्राच्या जागी राखाडी चौकोन येतो, कधी मथळ्यात नुसतं ‘Home’ असतं, तर कधी लेख विहिरींवरचा आणि चित्र मात्र गेल्या वर्षीच्या जाहिरातीचं.

अनेकांची समजूत अशी असते, की अ‍ॅप ते पान उघडून वाचतं आणि त्यातलं महत्त्वाचं काय ते ठरवतं. तसं काही होत नाही. कार्डावर काय दिसावं हे पानाच्या मालकाने आधीच लिहून ठेवलेलं असतं. वाचकाला न दिसणाऱ्या चारपाच ओळींत, पानाच्या अगदी वरच्या भागात. अ‍ॅप फक्त त्या ओळी उचलतं. कार्ड म्हणजे पानाचा सारांश नाही, तो पानाने स्वतःबद्दल केलेला दावा आहे. बिघडलेली कार्डं, जुनाट चित्रं आणि कार्डाच्या आडून होणारी फसवणूक या सगळ्यांचं मूळ इथे आहे.

त्या ओळी अशा दिसतात:

```html
<meta property="og:title" content="आटलेल्या विहिरींचं गाव">
<meta property="og:description" content="तीस विहिरी, एक टँकर आणि पाण्याची वाट पाहणारी माणसं.">
<meta property="og:image" content="https://example.com/img/vihir.jpg">
<meta property="og:url" content="https://example.com/lekh/vihir">
```

यांना मेटा टॅग म्हणतात. प्रत्येक ओळीत दोनच गोष्टी आहेत: कशाबद्दल सांगायचंय आणि काय सांगायचंय. पहिली ओळ मथळा देते, दुसरी वर्णन, तिसरी चित्राचा पत्ता, आणि चौथी सांगते की या पानाचा खरा, कायमचा पत्ता हा. संगणकाची भाषा न येणाऱ्या माणसालाही या चार ओळी वाचता येतात, आणि थोडी काळजी घेतली तर दुरुस्तही करता येतात.

सुरुवातीची `og` ही अक्षरं ‘ओपन ग्राफ’ची. फेसबुकने एप्रिल 2010मध्ये हा प्रघात जाहीर केला. तोवर कुणी लिंक टाकली की फेसबुक पानावरची सगळी चित्रं गोळा करायचं आणि यातलं कोणतं लावू, असं टाकणाऱ्यालाच विचारायचं. बाणाची कळ दाबत दाबत लोक चित्र निवडायचे. त्यात कोपऱ्यातली चिन्हं आणि जाहिरातीसुद्धा असायच्या. ओपन ग्राफ आणताना मात्र फेसबुकच्या मनात याहून पुष्कळ मोठं काहीतरी होतं. इंटरनेटवरचा प्रत्येक चित्रपट, पुस्तक, गाणं, उपाहारगृह ही एकेक ‘वस्तू’ व्हावी, माणसांनी ती ‘लाइक’ करावी आणि माणसं आणि वस्तू यांचं एक विराट जाळं तयार व्हावं, असा तो बेत होता. म्हणून त्या नियमांत `og:type` नावाचा टॅगही सक्तीचा आहे. हे पान चित्रपटाचं आहे की लेखाचं, हे तो सांगतो. नियमावलीतलं पहिलं उदाहरण आजही ‘द रॉक’ या इंग्रजी चित्रपटाचं आहे. त्या विराट जाळ्याचं पुढे फारसं काही झालं नाही. शिल्लक राहिलं ते कार्ड. मोठ्या योजनेतला एक किरकोळ भाग तेवढा जगला आणि फेसबुकच्या स्पर्धकांनीही तो उचलला. ट्विटरने 2012मध्ये `twitter:` ने सुरू होणारे स्वतःचे टॅग काढले खरे, पण ते सापडले नाहीत तर ट्विटरही ओपन ग्राफकडेच पाहायचं. आज व्हॉट्सअ‍ॅप, टेलिग्राम, सिग्नल, स्लॅक, अ‍ॅपलचं मेसेजेस, सगळे आधी याच ओळी शोधतात. मेसेजेस तर पान मागायला जातं तेव्हा आपण फेसबुकचे आणि ट्विटरचे दूत आहोत अशी ओळख सांगतं, कारण त्या दोघांना दार उघडायची सवय बहुतेक संकेतस्थळांना आधीच लागलेली आहे.

टॅग सगळ्यांना सामाईक झाले, पण ते वाचायला कोण जातं, यावर मात्र एकमत नाही. टेलिग्राममध्ये हे काम कंपनीचा सर्व्हर करतो: तो पान आणतो, कार्ड बनवतो, स्वतःकडे साठवतो आणि पुढे तीच लिंक कुणीही टाकली तरी तेच साठवलेलं कार्ड देतो. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये संदेश दोन्ही टोकांना कुलूपबंद असतात. कंपनीच्या सर्व्हरला आपण कोणती लिंक पाठवतोय हे कळता कामा नये, म्हणून तिथे पान आणायला जातो तो पाठवणाऱ्याचा फोन. आपण पत्ता चिकटवतो, त्याच क्षणी आपला फोन त्या संकेतस्थळाकडे जातो, टॅग वाचतो, चित्र उतरवून घेतो, त्याची लहानशी प्रत काढतो आणि हे सगळं संदेशातच गुंडाळतो. घाईघाईने चिकटवून लगेच पाठवलं तर कार्डाविना नुसतीच निळी लिंक जाते, ती याचमुळे: फोन अजून परत आलेला नसतो.

तिसरीही एक तऱ्हा शक्य आहे. ज्याला संदेश मिळाला त्याच्या फोनने कार्ड बनवायचं. ती सगळ्यांत वाईट, कारण मग कुणीही अनोळखी माणूस नुसती लिंक पाठवून, तुम्ही ती उघडायच्या आधीच, तुमच्या फोनला स्वतःच्या सर्व्हरकडे खेचून आणू शकतो. फोन तिथे गेला की तुमचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा तुमचा तात्पुरता पत्ता, त्याला कळतो आणि त्यावरून तुमचं गाव किंवा शहर साधारण ओळखता येतं. तलाल हाज बकरी आणि टॉमी मिस्क या दोन संशोधकांनी 2020 साली अनेक चॅट अ‍ॅपांची ही बाजू तपासली, तेव्हा त्यांना असं वागणारी अ‍ॅपं खरोखरच सापडली. व्हॉट्सअ‍ॅपच्या पद्धतीत मिळणाऱ्याचा पत्ता गुप्त राहतो, पाठवणाऱ्याचा मात्र संकेतस्थळाला कळतो. तेही नको असेल तर व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये Privacy आणि मग Advanced इथे जाऊन ‘Disable link previews’ चालू करता येतं. मग आपण पाठवलेल्या लिंकांना कार्डच येत नाही.

आता एक प्रकरण तपशिलात पाहू. समजा, जिल्ह्याच्या गावी निघणारा एक दिवाळी अंक आहे. छापील अंक पुष्कळ वर्षांचा, संकेतस्थळ मात्र याच वर्षी झालेलं. संपादकांनी विहिरींवरच्या लेखाची लिंक वर्गणीदारांच्या गटात टाकली. कार्डावर आलं काय, तर अंकाचं नाव, त्याखाली ‘Welcome’ आणि चित्राची जागा रिकामी. दुसऱ्या लेखाची लिंक टाकली, तरी तेच. तिसऱ्याची टाकली, पुन्हा तेच. संकेतस्थळ करून देणाऱ्या मुलाला त्यांनी फोन केला. तो म्हणाला, “सर, माझ्याकडे उघडून बघितलं, सगळं बरोबर दिसतंय.” दोघंही खरं बोलत होते.

सगळ्या लेखांचं कार्ड एकसारखंच येतंय, ही फार बोलकी खूण आहे. हल्लीची बरीच संकेतस्थळं अशी बांधतात, की सर्व्हरकडून आधी जवळजवळ कोरं पान येतं आणि मग जावास्क्रिप्ट नावाचा कार्यक्रम ब्राउझरमध्ये चालून त्यात लेख, चित्रं, मथळे भरतो. माणूस ब्राउझर वापरतो, म्हणून त्याला भरलेलं पान दिसतं. कार्डासाठी जाणारा फोन किंवा सर्व्हर मात्र तो कार्यक्रम चालवत बसत नाही. पहिल्यांदा हातात आलेलं कोरं पानच तो वाचतो आणि ते कोरं पान सगळ्या लेखांसाठी एकच असतं. त्या मुलाने प्रत्येक लेखाचे टॅग मोठ्या कष्टाने लिहिले होते, पण ते जावास्क्रिप्टमधून, म्हणजे वाचणारा निघून गेल्यावर, पानात येत होते.

हे ताडून पाहायला महागडं साधन लागत नाही. संगणकावर ब्राउझरमध्ये पत्त्याच्या आधी `view-source:` लिहिलं की पानाचा मूळ मजकूर, जसा सर्व्हरकडून आला तसा, दिसतो. त्यात `og:` शोधायचं. ज्याला आज्ञा लिहायची सवय आहे तो असंही करील:

```
curl -s -A "WhatsApp/2" https://example.com/lekh/vihir | grep "og:"
```

ही आज्ञा स्वतःला व्हॉट्सअ‍ॅप म्हणवून पान मागते आणि त्यातल्या `og:` असलेल्या ओळी छापते. दिवाळी अंकाच्या पानासाठी तिने सामाईक ‘Welcome’वाली ओळ तेवढी छापली. विहिरींचा कुठे पत्ताच नव्हता. इलाज एकच: निदान टॅग तरी सर्व्हरनेच भरून पाठवायला हवेत. ब्लॉगसाठीच्या तयार व्यवस्था, उदाहरणार्थ वर्डप्रेस, पान सर्व्हरवरच तयार करतात, त्यामुळे तिथे हा रोग सहसा होत नाही. तिथला रोग वेगळा. एका कामासाठी दोन प्लगइन बसवले जातात, दोघंही टॅग लिहितात आणि पानात दोन मथळे, दोन चित्रं येतात. नियमावली सांगते की असा झगडा झाला तर वरून पहिला येईल तो खरा. त्यामुळे मालक खालच्याची सेटिंग बदलत बसतो आणि कार्ड ढिम्म हलत नाही.

मुलाने सर्व्हरवर टॅग भरायची सोय केली. मथळा आला, वर्णन आलं. चित्र मात्र अजूनही नाही. टॅगमध्ये चित्राचा पत्ता नुसता `/img/mukhprushtha.jpg` असा होता. ब्राउझरला असा अर्धा पत्ता चालतो, कारण आपण कुठल्या संकेतस्थळावर आहोत हे त्याला ठाऊक असतं. कार्डाच्या टॅगमध्ये मात्र पत्ता `https://` पासून पूर्ण हवा. काही अ‍ॅपं अर्धा पत्ता समजून घेतात, काही घेत नाहीत. ‘माझ्या फोनवर दिसतंय, तुमच्या का नाही’ असल्या न संपणाऱ्या वादांमागे बरेचदा हेच असतं.

पत्ता पूर्ण केला, तरी व्हॉट्सअ‍ॅपवर चित्र आलं नाही. कारण ते चित्र म्हणजे छापखान्याला पाठवलेलं मुखपृष्ठ होतं, चार मेगाबाइटचं. व्हॉट्सअ‍ॅप चालवणाऱ्या मेटाची सूचना अशी, की चित्र 600 किलोबाइटच्या आत असावं, रुंदी निदान 300 पिक्सेल असावी आणि रुंदी उंचीच्या चौपटीहून जास्त नसावी. फोनचं इंटरनेट कसंही असलं तरी कार्ड क्षणात बनायला हवं, म्हणून ही मर्यादा. शिवाय छापायची चित्रं निळसर, किरमिजी, पिवळा आणि काळा या चार शाईंच्या हिशेबात साठवलेली असतात. पडद्यासाठी लाल, हिरवा, निळा हा हिशेब लागतो. छपाईची फाइल तशीच चढवली तर काही ठिकाणी रंग भलतेच दिसतात आणि काही ठिकाणी चित्र उघडतच नाही.

आकाराचाही प्रश्न होताच. मुखपृष्ठ उभं असतं, कार्डाची चौकट आडवी. फेसबुकची शिफारस 1200 गुणिले 630 पिक्सेलची आहे, आणि त्या मापाचं चित्र बाकीकडेही बऱ्यापैकी चालतं. उभं मुखपृष्ठ त्या चौकटीत बसवताना वरचं अंकाचं नाव आणि खालची चित्रकाराची सही छाटली जाते आणि मधला कुणाचातरी खांदा उरतो. बरं, व्हॉट्सअ‍ॅप काही वेळा रुंद चित्र वर मोठं दाखवतं आणि काही वेळा तेच चित्र कडेला लहान चौकोनात बसवतं. म्हणून आडव्या चित्रातही महत्त्वाचं जे असेल ते मधोमध हवं, म्हणजे दोन्ही बाजू कापल्या गेल्या तरी ते राहतं. चित्रातच मथळा लिहायचा मोह मी टाळीन. मराठीतल्या वेलांट्या आणि रफार त्या चौकोनात मुंगीएवढे होतात, आणि तोच मथळा शेजारी नीट अक्षरांत असतोच. शेवटी संपादकांनी लेखातल्या विहिरीच्या छायाचित्राची आडवी प्रत काढली, ती सव्वाशे किलोबाइटची झाली, आणि चढवली.

त्यांनी लिंक पुन्हा टाकली. तेच जुनं कार्ड. “अहो, दुरुस्त केलंत ना?” “केलं सर, तुमच्या फोनने जुनं धरून ठेवलंय.” हेही खरं असतं. एकदा आणलेलं कार्ड अ‍ॅप काही काळ जपून ठेवतं, दर वेळी नव्याने जात नाही. व्हॉट्सअ‍ॅपला पुन्हा पाठवायचं तर पत्त्याच्या शेवटी `?v=2` असं शेपूट जोडायचं. पान तेच उघडतं, पण अ‍ॅपच्या लेखी पत्ता नवा, म्हणून ते नव्याने जाऊन येतं. फेसबुकवर मात्र ही युक्ती फसते. तिथे `og:url` हा टॅग शेपटाकडे दुर्लक्ष करून फेसबुकला पुन्हा मूळ पत्त्याकडे वळवतो, आणि मूळ पत्त्याचं जुनं कार्ड तर त्याच्याकडे साठवलेलंच असतं. त्यासाठी फेसबुकचं Sharing Debugger नावाचं पान आहे. तिथे पत्ता देऊन ‘Scrape Again’ म्हणायचं. टेलिग्रामवर हेच काम `@WebpageBot` या खात्याला लिंक पाठवून होतं. तिन्ही ठिकाणं वेगळी, कारण तिन्हींची साठवण वेगळी.

दिवाळी अंक मराठी असल्याने आणखी दोन अडचणी आल्या, ज्या इंग्रजी संकेतस्थळाला सहसा भेटत नाहीत. पहिली पत्त्याची. मुलाने हौसेने पानाचा पत्ता देवनागरीत ठेवला होता, शेवटी ‘विहीर’. ब्राउझरच्या पट्टीत तो सुरेख दिसायचा. पण पत्ता नकलून गटात टाकला, की बरेचदा त्याचं हे व्हायचं:

```
https://example.com/%E0%A4%B5%E0%A4%BF%E0%A4%B9%E0%A5%80%E0%A4%B0
```

देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, म्हणजे अक्षर वेगळं आणि त्याची वेलांटी वेगळी, संगणकात तीन बाइटांनी लिहिलं जातं. पत्त्यात प्रत्येक बाइटची तीन अक्षरं होतात. ‘विहीर’मध्ये अशी पाच चिन्हं आहेत, त्यांची पंचेचाळीस अक्षरं झाली. चूक काहीच नाही, लिंक चालते. पण कार्ड न आल्यास वाचकासमोर फक्त ही लांबलचक रांग उरते आणि ती पाहून माणूस बिचकतो. मराठी मजकूर मथळ्यात ठेवावा आणि पत्ता रोमन अक्षरांत आखूड असावा, असं माझं मत आहे. याला विरोध करणारे भाषाप्रेमी आहेत आणि त्यांचं म्हणणंही चुकीचं नाही.

दुसरी अडचण अवतरणचिन्हांची. मराठी मथळ्यांना कुणाचंतरी बोलणं उद्धृत करायची फार आवड. पुढच्या लेखाचा टॅग असा होता:

```html
<meta property="og:title" content="आजी म्हणाली, "विहीर बुजवू नका"">
```

कार्डावर मथळा आला: आजी म्हणाली, आणि पुढे काही नाही. टॅगमध्ये मजकूर कुठून कुठपर्यंत हे सरळ अवतरणचिन्हच ठरवतं. त्यामुळे आजीचं बोलणं सुरू होताच मजकूर संपला, असं यंत्राला वाटलं. आतली चिन्हं `&quot;` अशी लिहिली किंवा छापील पुस्तकातल्यासारखी वळणदार वापरली, की मथळा पुरा येतो. चांगल्या व्यवस्था हे आपोआप करतात; घरच्या घरी बांधलेल्या बऱ्याचशा करत नाहीत. मथळा मधेच तुटलेलं कार्ड दिसलं, तर तुटलेल्या जागी मूळ मथळ्यात सरळ अवतरणचिन्ह आहे का, हे आधी पाहावं. आणि मराठीऐवजी ‘à¤µà¤¿’ अशी गिचमिड दिसली, तर पान यूटीएफ-8मध्ये आहे हे सांगायचं राहून गेलंय, असं समजावं.

इथवरच्या चुका अजाणतेपणी होणाऱ्या. पण टॅग हा जर पानाचा स्वतःबद्दलचा दावा असेल, तर तो खोटाही करता येतो. मथळ्यात बँकेचं नाव लिहायला बँकेची परवानगी लागत नाही. चित्रात तिचं बोधचिन्ह लावायलाही नाही. ‘आपलं खाते आज बंद होईल, केवायसी करा’ असं कार्ड बनवायला फसवणाऱ्याला चार ओळी पुरतात आणि त्या तपासणारं मधे कुणीच नसतं. व्हॉट्सअ‍ॅपच्या कार्डावरचा एकच भाग टॅगमधून येत नाही: संकेतस्थळाचं नाव. ते अ‍ॅप लिंकमधूनच काढतं. म्हणून ठळक मथळा सोडून त्या फिकट बारीक ओळीकडे आधी पाहावं, आणि पाहताना नावाचं शेवटचं टोक पाहावं. बँकेचं नाव सुरुवातीला आणि मग टिंब देऊन काहीतरी भलतंच, हा जुना डाव आहे. मालकी कुणाची ते शेवटचा भाग सांगतो. कार्डाची रचना करणाऱ्यांनी सर्वांत भरवशाची गोष्ट सर्वांत बारीक छापली, हे मला पटत नाही.

तेवढ्यावरही पूर्ण विसंबता येत नाही. लिंक आखूड करून देणाऱ्या सेवेची असेल, तर खाली त्या सेवेचं नाव दिसू शकतं, मुक्कामाचं नाही. संकेतस्थळ कार्डासाठी आलेल्या फोनला एक पान आणि माणसाला दुसरंच पान देऊ शकतं, कारण पान मागणारा आपली ओळख सांगूनच येतो. मघाच्या `curl`च्या आज्ञेत आपण `WhatsApp/2` असं म्हटलं ते तेच. आणि व्हॉट्सअ‍ॅपसारख्या ठिकाणी कार्ड पाठवणाऱ्याच्या फोनवर बनतं, म्हणजे मिळणाऱ्याचं अ‍ॅप ते पडताळून पाहत नाही. पाठवणाऱ्याने मूळ अ‍ॅपऐवजी फेरफार केलेलं वापरलं, तर तो लिंकला भलतंच कार्ड चिकटवू शकतो. गुप्ततेसाठी दिलेली ही किंमत आहे. सर्व्हरने कार्ड बनवलं असतं तर हा डाव जमला नसता, पण मग आपण कोणती लिंक कुणाला पाठवतो हे कंपनीला कळलं असतं.

एके काळी फेसबुकवर याहूनही सोपं होतं. लिंक टाकणारा कुणीही कार्डाचा मथळा आणि वर्णन हवं तसं बदलू शकायचा. खऱ्या वृत्तपत्राची खरी लिंक आणि वर स्वतःचा खोटा मथळा, असं चालायचं. खोट्या बातम्यांवरून टीका वाढल्यावर 2017मध्ये फेसबुकने सामान्य वापरणाऱ्यांकडून ती मुभा काढून घेतली. तेव्हापासून कार्डावरच्या मजकुराची जबाबदारी बरीचशी पानाच्या मालकावर आली.

आणि मालकाला त्यात एक अडचण आहे, जिचा उपाय अजून कुणाकडे नाही. समजा, वृत्तपत्राच्या पानावर चुकीचा मथळा गेला आणि तो तासाभरात सुधारला. तोवर कुणीतरी लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेली असते. चुकीचा मथळा आणि चित्राची लहान प्रत त्या संदेशात कायमची बंद झालेली असते, आणि संदेश पुढे पाठवला की तेच जुनं कार्ड पुढे जातं. संकेतस्थळाकडे परत कुणी विचारायला येत नाही. बरेच जण कार्डच वाचतात, लिंक उघडत नाहीत. त्यांच्यापर्यंत दुरुस्ती जाणारच नाही. चित्र सर्व्हरवरून काढून टाकलं तरी फरक पडत नाही, पान काढून टाकलं तरी नाही. एवढंच करता येतं, की मथळ्यातच ‘दुरुस्ती’ असं लिहून टॅग बदलायचे, पत्त्याला नवं शेपूट जोडायचं आणि ती लिंक पुन्हा त्याच गटांत, जुन्या कार्डाखाली टाकायची.